पावतीवर न लिहिलेला डाग

माझ्या नाकावर कायम राग. आई म्हणायची, "या पोट्टीले आधी रागावू द्या, मंग समजावून सांगा, तोवर कानात काही शिरत नाही." ते खरंच होतं, आणि त्याची किंमत एका भल्या माणसानं मोजली. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमच्याकडे नवरी पांढरी साडी नेसते. माझी साडी आईनं आणि मी गांधीबागेच्या कापडबाजारात घेतली, पांढरं रेशीम आणि हातभर निळा काठ. दुकानदारानं गादीवर साडी पसरून छातीवर हात ठेवला, "रंग पक्का आहे बाई, बिलावर लिहून देतो." आणि दिलंही लिहून. ब्लाउजपीस साडीतूनच, त्याच निळ्या काठासकट निघत होता, पण तो मला आखूड पडला, म्हणून दुसरा शिवला आणि तो पीस तसाच कोरा ट्रंकेत राहिला. लग्न झालं. साडी आईकडे ठेवून मी सासरी गेले, गावातल्या गावातच.

महिन्याभरानं माहेरी आले आणि साडी मागितली. आई म्हणाली, "लॉन्ड्रीतून आली आहे वं, पाहून घे."

उघडली आणि माझं डोकंच फिरलं. निळा रंग काठातून निघून पांढऱ्यात पसरला होता. पदरावर तर धुरकट ढगच. मी साडी आणि पावती उचलून तशीच चपला घालून कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत गेले. लॉन्ड्रीवाले भाऊ पंधरा वर्षांपासून आमच्या आळीचे कपडे धुवत, माझ्या शाळेच्या फ्रॉकलाही त्यांचीच इस्त्री असायची. ते शांतपणे म्हणाले, "ताई, हे माह्या हातून नाही झालं. असीच आली होती."

"मग पावतीवर का नाही लिहिलं?"

पावतीवर नुसतं 'रेशमी साडी एक, ड्रायक्लीन' असं होतं. डाग असेल तर लॉन्ड्रीवाला आधीच लिहून ठेवतो, हे शेंबडं पोरही जाणतं. त्यांनी साडीची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "तुमच्या आईले विचारा."

बस्स! माझ्या आईचं नाव? मी भर रस्त्यात जे तोंड सोडलं ते आठवलं की आजही कान तापतात. घरी आले, आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "काहून चिडून राहिली? साडीच तर आहे." मला वाटलं, बिचारी मला सावरते आहे.

पुढचे पंधरा दिवस मी नुसती येरझारा घालत होते. गांधीबागेतला दुकानदार म्हणे, लॉन्ड्रीवाल्याची चूक. लॉन्ड्रीवाले म्हणत, कापडाचा दोष. इकडे आळीतल्या प्रत्येक दारात मी माझी कहाणी सांगत सुटले होते. झोप लागेना, जेवण जाईना. नवरा वैतागून म्हणाला, "एक साडी काय बिघडली, घर डोक्यावर घेतलं तुम्ही!"

तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि ग्राहकांचा कायदा नवाकोरा होता. माझ्या जुन्या शाळेतल्या एका मास्तरांनी मला सगळं नीट समजावलं. वकील लागत नाही, साध्या कागदावर तक्रार करायची. "पण आधी ठरवा बाई, तुमचं भांडण वस्तूशी आहे की सेवेशी? कच्चा रंग हा मालातला दोष, त्याचा जबाब दुकानदारानं द्यायचा. मग दोष काढून द्या, माल बदलून द्या, नाहीतर किंमत परत करा, असं मागता येतं. धुताना खराब केली तर ती सेवेतली कमतरता, ती लॉन्ड्रीवाल्याकडे. तिथं धुलाईचे पैसे परत, आणि कोणाच्या निष्काळजीपणानं नुकसान झालं असेल तर भरपाई." मी म्हटलं, दोघांवरही टाकते, जो अडकेल तो अडकेल. मास्तर म्हणाले, "टाका. पण लॉन्ड्रीवाल्याचं पुन्हा एकदा ऐकून घ्या." मी ऐकून घेणारी असते तर काय हवं होतं!

ग्राहक मंच एका सरकारी इमारतीत बसायचा. निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, शेजारी दोन सदस्य, त्यातल्या एक बाई. त्या बाईंनीच पहिला कामाचा प्रश्न विचारला, "साडीचा न धुतलेला तुकडा आहे का?" ट्रंकेतला ब्लाउजपीस! तो मंचानं सील करून प्रयोगशाळेकडे पाठवला, तपासणीची फी मी भरली.

पुढच्या तारखेला अहवाल आला होता. तो वाचला जायच्या आधीच दुकानदाराचा वकील उठला आणि म्हणाला, "या बायका नवं कापड घरी मिठाच्या पाण्यात बुडवतात, रंग पक्का करायला म्हणून. रेशमाची वाट तिथंच लागली असेल."

मी ताडकन उठले. "साडी घरी पाण्यात गेलीच नाही! आई, सांग यांना."

आई मागच्या बाकावर होती. ती उठली, पदर दोन्ही हातांत धरून.

"गेली होती साहेब," ती म्हणाली. "म्या टाकली. मूठभर मीठ घातलं होतं. आमी सारेच रंगीत कपडे तसे टाकतो, मंग रंग जात नाही. हा गेला. पोट्टी पाहीन म्हणून म्या दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत नेली. भावाले म्हटलं, काही करता आलं तर करा, पण पावतीवर डाग लिहू नका. तिच्या लग्नाची साडी आहे, तिले कळलं तं तिचा जीव जाईन. त्यानं माह्या शब्दासाठी नाही लिहिलं."

लॉन्ड्रीवाले भाऊ जमिनीकडे पाहत होते. मला वाटलं, फरशी उघडावी आणि मला आत घ्यावं.

अध्यक्षांनी अहवाल वाचला. कोऱ्या तुकड्याचा रंग साध्या थंड पाण्यातही सुटत होता. ते म्हणाले, मीठ घातलं काय आणि नाही घातलं काय, 'पक्का रंग' लिहून दिलेलं कापड मुळात कच्चंच होतं. हा मालातला दोष आहे. दुकानदारानं तशीच निर्दोष साडी द्यावी, नाहीतर पूर्ण किंमत परत करावी. लॉन्ड्रीवाल्याच्या सेवेत कमतरता सिद्ध झाली नाही, त्यांच्याविरुद्धची तक्रार फेटाळली. माझी भरपाईची मागणीही फेटाळली. घरची गोष्ट झाकून ठेवलीत, एवढंच ते त्याबद्दल म्हणाले.

परतताना रिक्षात आई रडत होती आणि मी तिच्यावर चिडूही शकत नव्हते. तिनं माझ्या रागाला भिऊन ते केलं होतं. एवढं भिण्यासारखी मी कधी झाले, हे मला कळलंच नव्हतं.

तशी साडी दुकानात उरली नव्हती. किंमत परत मिळाली. पण आळीतल्या निम्म्या घरांनी तोवर कपडे दुसरीकडे द्यायला सुरुवात केली होती, माझ्याच तोंडामुळे. मी पुन्हा दारोदार गेले, खरं काय ते सांगितलं. बायका "हो का?" म्हणत आणि दार लावून घेत. मी ग्राहक होते, माझ्यासाठी कायद्यात इतक्या वाटा होत्या. त्या माणसाचं जे मी बिघडवलं त्यासाठी तो कुठं जाणार होता?

शेवटी नवऱ्याचे चार शर्ट घेऊन लॉन्ड्रीत गेले. "भाऊ, माझं चुकलं," म्हटलं. ते म्हणाले, "होते असं, ताई." रागाचा लवलेश नव्हता आवाजात. मग त्यांनी एकेक शर्ट पूर्ण उलगडला, उजेडात धरला, उलटा करून पाहिला. पंधरा वर्षांत त्यांनी आमचा कपडा कधी असा तपासला नव्हता.

तिसऱ्या शर्टाच्या खिशाखाली शाईचा ठिपका होता. त्यांनी तो मला बोट ठेवून दाखवला, पावतीवर लिहिला आणि पेन माझ्यापुढं सरकवलं.

"इथं सही करा," ते म्हणाले.