सोमवारची सुरमई

आमच्या खानावळीत शिळी सुरमई मिळते, असं इंटरनेटवर एकाने लिहिलं होतं. तो माणूस मी. हे मी आज पहिल्यांदा लिहून देतोय. त्या दिवशी सुरमई शिळी नव्हती, कारण त्या दिवशी सुरमई नव्हतीच.

पनवेलच्या खांदा कॉलनीतली ही खानावळ मी सुरू केली आणि बावीस वर्षं चालवली. पहाटे करंजाच्या मासळी बंदरावर जायचं, लिलावात उभं राहायचं, मासळी घेऊन नऊच्या आत परत. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सगळं सूनबाईच्या हातात गेलं. तिने करंजाच्या मासळीवाल्या मावशींशी फोनवरच ठरवून टाकलं. मासळी टेम्पोने दारात यायला लागली. माझी गल्ल्यामागची उंच खुर्ची तिने खिडकीशी नेऊन ठेवली. "बाबा, इथे वारा लागेल," म्हणाली. वारा लागायचा, हे खरंय. पण खिडकीशी बसलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही.

त्यात तिनेच मला स्मार्टफोन घेऊन दिला. फोनमधल्या नकाशावर खानावळीचं नाव, फोटो आणि खाली गिऱ्हाइकांचे शेरे. सगळे छान छान. एका दुपारी घरी पडल्या पडल्या मी ‘एक खवय्या’ या नावाने खातं उघडलं आणि एकच तारा देऊन लिहिलं: "आज जेवलो. सुरमई शिळी. कालवणाला पूर्वीची चव नाही. जुने मालक होते तेव्हा गोष्टच वेगळी होती."

बटण दाबलं आणि इतका गाढ झोपलो की चहाला उठवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा फोन नाचवत आला. "शिळी म्हणतोय! आपली मासळी शिळी! थांब, त्याला असं सुनावतो की पनवेल सोडून जाईल." त्याने लिहायला घेतलंही. पहिलंच वाक्य होतं, "तुझ्या बापाने कधी सुरमई पाहिली होती का?"

मी पाणी पीत होतो. ठसका लागला.

सूनबाईने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "तू भांडशील आणि लोक भांडण वाचतील. उत्तर त्याच्यासाठी नसतं, उद्या जेवायला येणाऱ्यासाठी असतं."

एवढ्यात बाजारपेठेतले कापडवाले चाचा आले. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांचा भाऊ दुबईहून येणार होता आणि रविवारी साठ माणसांचं जेवण आमच्याकडे ठरलं होतं. सूनबाईच्या हातातली पहिली मोठी ऑर्डर. चाचांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "बेटी, बुरा मत मान. पण घरात पोरांनी ते वाचलंय. मेहमानांसमोर इज्जतीचा सवाल आहे. शुक्रवारपर्यंत बघतो, मग सांगतो."

ते गेले. सूनबाईने टेबल पुसून घेतलं. मग माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही एवढी वर्षं गिऱ्हाईक सांभाळलंत. सांगा, काय लिहू?"

माझ्याच शेऱ्याला उत्तर काय द्यावं, हे ती मला विचारत होती. मी म्हणालो, "सोडून दे. कोण वाचतंय?"

"चाचा वाचतायत."

तिने आधी करंजाच्या मावशींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मावशी कडाडल्या, "आमची मासली शिली? कोन बोलला? त्याला धक्क्यावर पाठव गो, एकदा तोंड बगू दे त्याचा!"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

मग तिने माझा शेरा पुन्हा वाचला आणि तारखेवर बोट ठेवलं. "हे सोमवारी लिहिलंय."

आमची खानावळ सोमवारी बंद असते. आमच्याकडे सोमवारी मासळी शिवत नाहीत, अर्धी कॉलनीही पाळते. म्हणून तर मी त्या दुपारी घरी मोकळा लोळत होतो. बावीस वर्षं त्या दिवशी मीच कुलूप लावलं होतं आणि मीच विसरलो.

"खोटारडा!" मुलगा ओरडला. "लिही, खोटारडा म्हणून!"

"अजिबात नाही. वार लोकांना मोजता येतात."

तिने शांतपणे टाईप केलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. ते उत्तर मला अजून पाठ आहे.

"नमस्कार. आपला अनुभव चांगला नव्हता याचं वाईट वाटलं. आपण ‘आज’ लिहिलं आहे. सोमवारी आम्ही बंद असतो, तेव्हा बहुधा आपण रविवारी आला असाल. रविवारची सुरमई त्याच सकाळी करंजाहून आली होती आणि दुपारी अडीचला संपली. कालवणाच्या चवीबद्दल मात्र आपण म्हणता ते खरं असू शकतं. ते अजून पूर्वीसारखं जमत नाही. नेमकं काय कमी वाटलं ते समजून घ्यायचं आहे. खानावळीच्या नंबरवर दुपारी तीन ते पाच फोन करा, मी स्वतः उचलेन."

"एक थाळी फुकट देतो म्हण ना," मुलगा म्हणाला.

"म्हणजे उद्या पन्नास जणांना शिळी लागेल."

उत्तर गेलं. माझ्या खिशातला फोन टुणकन वाजला. मी म्हणालो, "गॅसवाला असेल."

बुधवारी तीन ते पाच ती फोनजवळ बसली. हिशेब नाही, टीव्ही नाही. समोर वही, हातात पेन. कोणी फोन केला नाही. गुरुवारीही तशीच बसली. ‘जमत नाही’ असं तिने साऱ्या गावासमोर लिहिलं होतं. आणि ते का जमत नाही, हे फक्त मला माहीत होतं. मी तिला सगळं शिकवलं होतं, शेवटची गोष्ट सोडून. ती मुद्दाम ठेवून घेतली होती.

गुरुवारी साडेचारला मी बागेत फिरायला म्हणून निघालो. बाकावरच्या एका मित्राचा फोन मागून घेतला, तोंडावर रुमाल धरला आणि खर्जात बोललो, "हॅलो, तो शेरा मी लिहिला होता."

"नमस्कार साहेब! बरं झालं फोन केलात. सांगा, काय कमी वाटलं?"

"सुरमई ठीक होती. वाराची माझी गल्लत झाली. कालवणात... गॅस बंद केल्यावर चार पाकळ्या लसूण ठेचून टाकायचा. कच्चाच. लगेच झाकण. दहा मिनिटं उघडायचं नाही. कोणी मागितलं तरी वाढायचं नाही."

पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला. "चार पाकळ्या किती माणसांना?"

"दहा."

"मीठ आधी की नंतर?"

"आधीच. नंतर हात लावायचा नाही."

"खूप आभार, साहेब. उद्या करून बघते." मग त्याच आवाजात ती म्हणाली, "आणि येताना कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणा. कोवळ्या बघून."

रुमाल कधी खाली पडला ते कळलं नाही. मित्र विचारत होता, "अरे, कोणाचा फोन होता?"

मी कोथिंबीर घेऊन गेलो. तिने जुड्या निवडून पाण्यात घातल्या. "चांगल्या आहेत," एवढंच म्हणाली. त्या दिवशी नाही, त्यानंतरही कधी तिने विषय काढला नाही. शुक्रवारी सकाळी मात्र माझी खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी होती. तिथे वारा लागत नाही, पण पातेलं दिसतं.

तिने आपल्या उत्तराखाली भर घातली: "ग्राहकांशी फोनवर बोलणं झालं. त्यांनी सांगितलेला बदल केला आहे. आभार." मीही शेरा बदलला. शिळी हा शब्द काढला, वाराची चूक कबूल केली, चार तारे दिले. पाचवा हातून सुटला नाही.

चाचांनी दोन्ही वाचलं आणि दुपारी येऊन वाटीभर कालवण चाखलं. "माशाल्ला. साठचे सत्तर लिही, बेटी."

करंजाच्या मावशी आता नाहीत. त्यांची मासळी एकदाही शिळी आली नाही, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. आणि मुलगा अजूनही तेल तापायला ठेवताना त्या खवय्याला एक शिवी घालतो. ती ऐकत मी दाराशी बसतो, सूनबाई लसूण ठेचत असते. आता हे छापून आलं की तो वाचेल. काय सुनावायचं ते सुनाव, बाळा. तीन ते पाच मी घरीच असतो.