नत्थूजीचं तोंड

महालातल्या आमच्या गल्लीत गोष्ट फुटायला वर्तमानपत्र लागत नाही, नत्थूजी पुरतो. कोणाच्या घरी सासू रुसली, कोणाची गाडी बँकेनं ओढून नेली, सगळं त्याच्या तोंडून चहाच्या टपरीवर तिखटमीठ लावून मिळतं. त्याला चिडवायला गल्लीकडे एकच मुद्दा: माणूस मुलखाचा कंजूस. मॅचवर कटिंगची शर्तसुद्धा लावत नाही.

रुपराव पराते मात्र लावायचा. आधी कटिंगची, मग मोबाईलवर सट्ट्याचा आयडी घेऊन पैशांची. गांधीबागेत कापडाच्या दुकानात थान उलगडता उलगडता त्याचा एक डोळा स्कोअरवर. शेवटी बायकोच्या, कामिनीच्या, पाटल्या विकल्या गेल्या. ती ओरडली नाही, रडली नाही. जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या गटाचा फोन नंबर त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "एक डाव जाऊन पाहा. नाही तर मी आपल्या प्रणालीले घेऊन माहेरी उमरेडले चालली."

ती न ओरडता बोलली, म्हणून रुपराव घाबरला. फोनवर एक पुरुष सावकाश बोलला: रविवारी संध्याकाळी या, फी नाही, फक्त पहिलं नाव सांगा, तेही वाटलं तर. गट आणखीही होते. रुपरावनं नंदनवनातला निवडला, कारण महालातलं काळं कुत्रं तिकडे फिरकत नाही.

शाळेची वर्गखोली होती. लहान पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून, गोल करून बसलेली. रुपरावनं आधी खिडकीतून डोकावून पाहिलं. पोलीस आले तर? फोटो काढला तर? तो दाराशीच थबकला, आणि समोर पाहतो तर चहाची किटली हातात धरून नत्थूजी उभा.

उद्या सकाळी टपरीवर आपलाच अंक निघणार. रुपरावनं पाय मागे घेतला. नत्थूजीनं चहाचा कप पुढे केला. कप घेतल्यावर पळायचं कसं? बसावं लागलं.

बैठक चालवणारी बाई होती, श्वेता. पोस्टात असावी अशी नीटनेटकी. "इथं कोण दिसलं, काय ऐकलं, ते इथंच ठेवायचं," तिनं सुरुवातीलाच सांगितलं. रुपरावनं नत्थूजीकडे पाहिलं. या तोंडात काही राहणार?

मग पुस्तिकेतले उतारे वाचले गेले. नवीन माणसासाठी वीस प्रश्न. जुगारापायी घरात दुःख आलं का? हरलेले पैसे काढायला लगेच परत खेळावंसं वाटलं का? खेळायला काही विकलं का? रुपराव हळूच हो म्हणत गेला. पाटल्यांच्या वेळी नुसती मान हलली. "सात प्रश्नांना हो आलं तरी बहुतेक आपल्यातलेच असतात," श्वेता म्हणाली. "ठरवायचं मात्र तुम्ही." रुपरावचे सात कधीच उलटून गेले होते.

मग एकेक जण बोलला. मधे कोणी तोंड घालत नव्हतं, सल्लाही देत नव्हतं. नत्थूजीची पाळी आली.

"मी नत्थू, मी जुगारी," तो म्हणाला. त्या आवाजात टपरी नव्हतीच. "घर गेलं असतं माहं. आता आजच्या दिवसापुरतं खेळत नाही. चहाची शर्तबी नाही. तीबी जुगारच हाय." मग तो किंचित हसला. "आपल्या गल्लीचं कोणी पाहू नये म्हणून मी एवढ्या दूर नंदनवनले येतो."

रुपरावची पाळी आली. "मी रुपराव," एवढंच निघालं. आणखी बोलायची सक्ती नव्हती. शेवटी खर्चासाठी टोपली फिरली. त्यानं खिशात हात घातला, तर शेजारच्यानं अडवलं: "पहिल्यांदा नाही." सगळे उभे राहिले, छोटी प्रार्थना झाली. श्वेतानं गटातल्यांचे फोन नंबर लिहिलेला कागद दिला. खेळावंसं वाटलं तर खेळण्याआधी फोन करायचा. "पुढच्या रविवारी या," ती म्हणाली.

रुपरावनं कागद खिशात घातला. उद्या टपरीवर काय होतं, त्यावर सगळं ठरणार होतं. बोभाटा झाला तर इथं पुन्हा पाऊल नाही, आणि मग कामिनी उमरेडला.

सकाळी टपरी भरलेली. शरच्चंद्र न्हाव्यानं पाहताच विचारलं, "काल संध्याकाळी कुठी होता गा, रुपराव?"

नत्थूजीनं बशी खाली ठेवली.

"त्याले काय विचारतं?" नत्थूजी म्हणाला. "त्याचा शर्ट पाहा. थान विकून विकून स्वतःले चिंधी उरली."

सगळे हसले, विषय बुडाला. शरच्चंद्रनं मग आजच्या मॅचवर चहाची शर्त काढली. "नत्थूजी तर कंजूस. रुपराव, तू लाव."

खिशातल्या मोबाईलकडे हात गेला तो कागदाला लागला.

"मीबी कंजूस," रुपराव म्हणाला.

"लागली याची संगत," शरच्चंद्र म्हणाला.

नत्थूजी काहीच बोलला नाही. गल्लीत असं पहिल्यांदाच घडलं. रुपरावनं चहा संपवला आणि कामिनीला फोन लावला, रविवारी संध्याकाळी वाट पाहू नकोस म्हणून सांगायला.