काळ्या भुकटीची बाटली

भोरच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन यंदा आमच्याच शाळेत होतं आणि उत्प्रेरक म्हणून लागणाऱ्या मँगनीज डायऑक्साइडच्या बाटलीत चमचाभर काळी भुकटी उरली होती. नवी बाटली मागायला गेले तर मुख्याध्यापक खुर्चीत मागे रेलले.

"बाई, परवा तुमच्या वर्गावरून जाताना ऐकलं मी. उत्प्रेरक अभिक्रिया वेगात घडवतो, पण स्वतः संपत नाही. मग बाटली कशी संपली?"

सर इतिहासाचे. रसायनशास्त्राचं एकच वाक्य त्यांच्या कानावर पडलं आणि नेमकं तेच त्यांनी माझ्यावर उलटवलं. मुलं परीक्षानळ्या विसळतात, भुकटी मोरीत जाते, हे सांगूनही त्यांना पटेना. माझा असा संताप झाला म्हणता!

पण नुकसान होणार होतं दहावीतल्या एका मुलीचं. जवळच्या पाली गावाहून एसटीनं यायची. प्रयोग तिचा होता आणि पहिली आली तरच तिला जिल्ह्याला जाता येणार होतं.

"एवढ्यात भागवू, बाई," ती म्हणाली. "फकस्त सांडू द्यायची न्हाई." भुकटी आणि कोरा गाळणकागद तिनं आधीच तोलून ठेवले.

प्रदर्शनात तिनं काचेच्या भांड्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. हालचाल शून्य.

"ह्ये आपसूक तुटतं, पर लई सावकाश. मधी डोंगर आडवा हाय, आन् थोड्याच कणांच्या अंगात त्यो चढायची ताकद असती. ही भुकटी त्यांना बुटकी खिंड दावती. निघायचं गाव त्येच, पोचायचं बी त्येच." भुकटी टाकताच द्रव फसफसला. विझत आलेली उदबत्ती भांड्याच्या तोंडाशी धरली तर सुटलेल्या ऑक्सिजननं भप्पकन पेटली. प्रत्येक वेळी वरचं पाणी अलगद ओतून ती त्याच भुकटीवर नवं पेरॉक्साइड घालत होती.

तेवढ्यात सर आले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. "संपत नाही, मी म्हणालो नव्हतो?" म्हणत त्यांनी उत्साहात पेरॉक्साइडची बाटलीच भांड्यात उपडी केली. फेस उसळला. सर दचकून मागे सरले.

थोड्या वेळानं परीक्षक आले. मुलीनं भुकटी गाळून, वाळवून त्यांच्यापुढे तोलली. वजन आधीपेक्षा कमी भरलं.

"म्हणजे संपते तर," परीक्षक म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

पोरीचा चेहरा उतरला. तिनं भांड्याभोवती पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. मग तिची नजर सरांवर थांबली.

"संपली न्हाई, सर," ती परीक्षकांना शांतपणे म्हणाली. "राहिलेली आमच्या मुख्याध्यापकांच्या शर्टावर हाय."

परीक्षकांनी चष्मा नाकावर चढवला आणि सरांच्या पोटावरचे काळे ठिपके अगदी जवळून तपासले. सरांनी श्वास रोखून धरला होता.

मुलगी जिल्ह्याला गेली. नव्या बाटलीच्या अर्जावर सरांनी दुसऱ्याच दिवशी मुकाट सही केली. तो शर्ट मात्र मी अजून मागतेय. त्यावर प्रयोगशाळेचा माल आहे.