थंडीतल्या पंख्यांचं टार्गेट

आमच्या पंख्यांच्या कंपनीत ताई एकोणीस वर्षांपूर्वी फोनवर ऑर्डरी घ्यायला लागल्या. मी गोदामवाला, तेव्हापासून शेजारच्याच टेबलावर. कुठल्या डीलरकडे कुठला पंखा पडून आहे, हे त्या वही न उघडता सांगतात. म्हणूनच कडू बातमी असली की साहेब हळूच त्यांना पुढे करतात.

यंदाच्या डीलर मेळाव्यात तेच झालं. आजवर बिलावर सरसकट दहा टक्के मार्जिन मिळायचं. आता बिलावर आठ, आणि तिमाहीचं टार्गेट गाठलं तरच वर तीन. हे भाषण ताईंच्या गळ्यात पडलं.

मेळाव्याच्या सकाळी, रिकाम्या हॉलमध्ये मी प्रोजेक्टर लावत होतो आणि ताई साहेबांसमोर भाषण वाचून बघत होत्या. टार्गेटच्या पानावर त्या थबकल्या. मुख्यालयाने वर्षाच्या आकड्याला सरळ चारने भागलं होतं.

"साहेब, आपली निम्मी विक्री उन्हाळ्यात होते. थंडीत तेवढेच पंखे कोण घेणार?"

"वरून आलंय. वाचून टाका ना."

"हे मी नाही वाचणार. एकोणीस वर्षं या लोकांना मी खोटं सांगितलेलं नाही. फार तर तुम्ही वाचा."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मला मात्र शिट्टी वाजवावीशी वाटली! साहेबांनी मुकाट्याने मुख्यालयाला फोन लावला. तासभर घासाघीस झाली. अखेर टार्गेट ठरलं, गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा बारा टक्के जास्त विक्री. टार्गेटची नवी पत्रं छापून होईतो बाहेर डीलर जमले होते.

दरवर्षी अशी घोषणा जेवणानंतर होते, लोक पेंगुळलेले असताना. ताईंनी ती सगळ्यात आधी केली. मग सगळ्यात जुने डीलरकाका उठले.

"म्हणजे आमचेच दोन टक्के काढून आम्हालाच बक्षीस देणार?"

"हो काका, तिनातले दोन टक्के तुमचेच. कंपनीचा वाढीव एकच. टार्गेट गाठलं तर अकरा, हुकलं तर आठच. ज्यांची विक्री वाढणार नाही त्यांचं नुकसान आहे."

साहेबांनी कपाळाला हात लावला. अहो, भाषणात असं कुणी बोलतं का?

"आणि तिमाही हुकायला लागली तर आम्हाला कळणार कधी? संपल्यावर?" काकांनी विचारलं.

"महिना बाकी असतानाच मी स्वतः फोन करीन. प्रत्येकाला."

काका खाली बसले, चष्मा लावून हातातलं टार्गेटचं पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचू लागले.

पत्रांच्या प्रतींवर सह्या घ्यायला दोन टेबलं मांडली होती, एक साहेबांचं, एक ताईंचं. काका उठून ताईंच्या टेबलाशी आले. "आकडा जड आहे," ते म्हणाले, आणि सही केली. त्यांच्यामागे रांग लागली, ती थेट दारापर्यंत. साहेबांच्या टेबलावर पेनाचं टोपणसुद्धा निघालं नाही. शेवटी साहेबच उठले आणि आपल्याकडच्या प्रतींचा गठ्ठा उचलून ताईंच्या टेबलावर आणून ठेवला.