शून्यापेक्षा मोठी

डोंबिवलीच्या कॉलेजात गणिताचे सर नोट्सची पीडीएफ ग्रुपवर टाकत आणि परीक्षेत आम्ही ती शब्दशः परत करत असू. e ही संख्या (2.718…) अपरिमेय, म्हणजे अपूर्णांकात न मांडता येणारी, असल्याची सिद्धताही तशीच. e हा p/q आहे असं मानायचं आणि त्याच्या 1 + 1/1! + 1/2! + … या मालिकेला q! ने गुणायचं. गुणाकार पूर्णांक येतो आणि पहिली पदंही पूर्णांक होतात, म्हणून उरलेल्यांची बेरीजही पूर्णांक हवी. पण ती 1/q पेक्षा लहान, म्हणजे एकाहून लहान. झाली विसंगती.

अंतर्गत परीक्षेत मी एक ओळ जास्त लिहिली: प्रत्येक पद धन आहे, म्हणून बेरीज शून्यापेक्षा मोठी आहे. सरांनी ती लाल शाईने खोडली आणि दोन मार्क कापले.

"अरे, हे नोट्समध्ये कुठंय?"

"सर, शून्यही एकाहून लहान आहे आणि पूर्णांकही आहे. ही ओळ नसेल तर विसंगती येणार कुठून?"

"आगाऊपणा नको. सॉरी म्हण, मार्क देतो."

माझा फर्स्ट क्लास त्या दोन मार्कांवर अडकलेला. मी पेन काढलं आणि खोडलेली ओळ त्यांच्यासमोरच पुन्हा लिहिली.

सेकंड क्लास आला. पुढच्या वर्षीच्या पीडीएफमध्ये ती ओळ होती, अधोरेखित करून.