हप्ता कमी की मुदत कमी

गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात मीच आहे, असं कवळीकाकू स्वतःच म्हणायच्या, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. सव्वीस वर्षं त्या कवळ्या करत होत्या. दातांचे डॉक्टर जबड्याचं माप घेऊन पाठवायचे. काकू त्यात प्लॅस्टर ओतून साचा काढायच्या, साच्यावर मेणाची हिरडी चढवायच्या आणि त्या मेणात एकेक दात बसवायच्या. दात केसभर तिरका बसला तर माणूस जेवताना तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. काकूंच्या हातची कवळी परत आली असं पूर्वी कधी झालं नव्हतं. ज्या दातांच्या लॅबमध्ये त्या काम करायच्या, तिचे मालक नगावर पैसे द्यायचे, आणि काकू महिन्याला अठ्ठावीस-तीस हजारांचे नग पाडायच्या.

काकूंचे यजमान शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. त्यांनी उभ्या आयुष्यात एक तास शिकवला नव्हता, तरी सगळे त्यांना मास्तर म्हणत. टेस्टट्यूब धुता धुता माणूस शिस्तीचा होतो की शिस्तीचाच माणूस तिथे टिकतो, कोण जाणे. पण मास्तरांच्या घरात विजेच्या बिलालासुद्धा स्वतःची वेगळी पिशवी होती. आठ वर्षांपूर्वी दोघांनी मिळून कर्ज काढून दोन खोल्यांचं घर घेतलं. हप्ता वीस हजार चारशे पंच्याऐंशी. तो काकूंच्या खात्यातून जायचा, आणि मास्तरांच्या पगारात घर चालायचं. अजून अठरा लाख आणि बारा वर्षं बाकी होती. मास्तरांची नोकरी मात्र तीनच वर्षं उरली होती.

आणि अशात मास्तरांची विम्याची जुनी पॉलिसी पिकली. सात लाख हातात आले.

आता गंमत अशी की पैसे नसतात तेव्हा माणसं गुण्यागोविंदाने राहतात. पैसे आले की प्रत्येकाला मत फुटतं. मास्तरांचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. सातच्या सात कर्जात भरायचे आणि घर लवकर मोकळं करायचं. बँकेकडे गहाण पडलेलं घर म्हणजे त्यांना दुसऱ्याचा अंगरखा घालून फिरल्यासारखं वाटायचं. पण काकूंच्या बहिणीचा मुलगा गुंतवणुकीचे सल्ले द्यायचं काम करायचा. एका रविवारी तो चहाला आला आणि त्याने मास्तरांच्या मताला चांगलाच सुरुंग लावला.

भाचा हुशार होता, आणि मनाचा प्रामाणिक होता. कर्जाचं व्याज नऊ टक्के, तेव्हा पैसे कर्जात भरले तर खात्रीचे नऊ टक्के वाचतात, हे त्याने आधीच कबूल केलं. पण शेअर बाजाराच्या फंडात लांब पल्ल्याने बारापर्यंत मिळू शकतात, आणि बारा वर्षं खरंच बारा टक्के मिळाले तर सातचे सव्वासत्तावीस होतात, असं त्याने कागदावर मांडून दाखवलं. मास्तरांनी चष्मा वर सारून तो आकडा दोनदा वाचला. मग त्यांनी विचारलं की बारा मिळतीलच याची हमी कोण देणार. भाचा म्हणाला, कुणीच नाही. एखाद्या वर्षी सातचे पाचही दिसतील, आणि नफा झाला तर त्यातून कर वजा होईल. मास्तरांना एवढंच ऐकायचं होतं.

मग भाचा काकूंकडे वळला.

"मावशी, एकच विचारतो. तुझं उत्पन्न पक्कं आहे ना? कारण ते पक्कं नसेल, तर फंडात एक पैसा घालू नकोस. बाजार पडलेला असताना हप्त्यासाठी मोडायची पाळी आली, तर सगळं मुसळ केरात जाईल."

काकूंनी कपबश्या गोळा केल्या आणि म्हणाल्या, "पक्कं नसायला काय झालंय?"

आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरला.

चार महिने झाले होते. आधी मेणाची सुरी धरताना अंगठा नुसता फडफडला. काकूंना वाटलं, चहा जास्त झाला. मग पुढच्या दातांची ओळ बसवताना हात थरथरायला लागला, आणि काकू कोपर टेबलावर रोवून, श्वास धरून दात बसवायला लागल्या. दिवसाला चार व्हायचे तिथे अडीच नग व्हायला लागले. तीन कवळ्या परत आल्या. मालक भला माणूस, काही बोलले नाहीत, पण त्यांचं न बोलणंच काकूंना जास्त बोचलं. शेवटी त्या गुपचूप डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, गोळ्यांनी थोडा ताबा राहील, पण हा कंप हळूहळू वाढतो. किती वर्षं काम होईल, असं काकूंनी विचारलं. ते कुणीच सांगू शकत नाही, असं उत्तर मिळालं.

हे नवऱ्याला सांगायला काय झालं होतं, असं कुणीही विचारेल. मीही विचारते. पण ज्या हातावर घर उभं राहिलं तो हात निकामी होतोय, हे तोंडाने म्हणणं सोपं नसतं. काकूंना लाज वाटत होती. आपण मुद्दाम काही चूक केल्यासारखी लाज. आणि मास्तर तर रोज संध्याकाळी वही काढून किती व्याज वाचेल याचा हिशेब उत्साहाने ऐकवत. काकू मान डोलवायच्या आणि भाजी चिरायच्या. हल्ली जाडीभरडीच चिरायच्या. मास्तरांच्या ते लक्षात आलं नाही. वहीत भाजी नव्हती.

शेवटी मास्तरांचंच खरं झालं. भाच्यानेही फोनवर सांगितलं की काका, खात्रीचे नऊ काही वाईट नाहीत, रात्री झोप लागेल ते करा. काकू हो म्हणाल्या. एका मंगळवारी शाळेतून अर्धी रजा काढून मास्तर चेक घेऊन निघाले. कर्ज दोघांच्या नावावर, म्हणून काकूही सोबत गेल्या.

बँकेत कर्जाच्या टेबलावर एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी खातं उघडलं, बदलत्या व्याजाचं कर्ज आहे, तेव्हा मुदतीआधी भरायला दंड नाही, असं सांगितलं आणि एक फॉर्म पुढे सरकवला. मास्तरांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात सगळं भरलं. खाली दोन चौकोन होते. पैसे भरल्यावर हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची, की मुदत तीच ठेवून हप्ता कमी करायचा.

मॅडमनी आकडे काढून दिले. मुदत कमी केली तर बारा वर्षांचं कर्ज पावणेसहा वर्षांत संपेल. हप्ता कमी केला तर बाराच्या बारा वर्षं चालेल, पण हप्ता साडेबारा हजारांवर येईल. पहिल्यात व्याज जवळजवळ चार लाखांनी जास्त वाचतं. "बहुतेक लोक मुदतच कमी करतात," त्या म्हणाल्या.

मास्तर हसले. हे त्यांच्या वहीत आधीच होतं. त्यांनी पेन पहिल्या चौकोनावर नेलं, आणि काकूंनी त्यांचं मनगट धरलं.

"हप्ता कमी करा," काकू म्हणाल्या.

मास्तरांना वाटलं, हिला समजलं नाही. त्यांनी शाळेतल्या पोरांना समजवावं तसं पुन्हा पहिल्यापासून समजावलं. चार लाखांचा फरक आहे, अगं, चार लाखांचा. काकू ऐकत राहिल्या. मनगट त्यांनी सोडलं नाही, आणि म्हणूनच मास्तरांना ते जाणवलं असावं. ते बोलता बोलता थांबले आणि आपल्या मनगटावरच्या हाताकडे बघायला लागले.

"तुमच्या पेन्शनमधून साडेबारा निघतील," काकू म्हणाल्या. "साडेवीस नाही निघणार. आणि माझा हात किती दिवस चालेल, मला माहीत नाही. चार महिने झाले, अहो. मेण धरवत नाही."

मॅडम उगाचच कॉम्प्युटरमध्ये काहीतरी शोधायला लागल्या. मास्तरांना राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे त्यांना कळत नव्हतं. चार महिने मी हिला व्याज ऐकवत होतो. चार महिने ही माझ्या शेजारी बसून होती. एवढं घर उभं केलं आणि घरातल्या बाईला आपल्याला सांगावंसं वाटलं नाही. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

चष्मा परत घालून त्यांनी मॅडमना विचारलं, "हप्ता कमी करून घेतला, आणि पुढे कधी जमलं, तर वरचे पैसे भरता येतात का?"

"कधीही भरा. तसं कर्जही लवकर संपेल."

मास्तरांनी दुसऱ्या चौकोनात खूण केली. ती एवढी ठसठशीत केली की कागद फाटायचा राहिला. आपली सही केली आणि फॉर्म काकूंपुढे ठेवला. काकूंनी कोपर टेबलावर रोवलं, श्वास धरला आणि सही केली. पहिलं अक्षर बरं उमटलं. पुढची रेघ वाकडीतिकडी होत कागदाच्या कडेपर्यंत गेली.

मॅडमनी ती सही आठ वर्षांपूर्वीच्या सहीशी ताडून पाहिली. त्यांना फार अवघडल्यासारखं झालं. त्या हळूच म्हणाल्या, "काकू, सही जुळत नाहीये. पुन्हा एकदा करून बघता का? सावकाश करा."

काकूंनी पुन्हा पेन उचललं. मास्तरांनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

"पुन्हा नको," ते म्हणाले. "आमच्या हिची सही आता अशीच आहे. जुनी काढून टाका आणि ही लावून घ्या. त्याचा काय फॉर्म असेल तो द्या, मी भरतो."