तीन मिनिटांचं स्वागत

आमच्या हिला संघटनेत सगळे ताई म्हणतात. फिजिओथेरपिस्टांच्या त्या संघटनेचं कार्यालय ती एकटी सांभाळते. वार्षिक परिषद भरवते तीच, पण आजवर व्यासपीठावर कधी चढली नव्हती. स्वागत अध्यक्षसाहेब करायचे, आणि एकदा माइक हातात आला की साहेबांना घड्याळ दिसत नसे. गेल्या वर्षी बावीस मिनिटं बोलले. दुसरं भाषण बड्या पाहुण्यांचं, त्याला कात्री कोण लावणार? कात्री लागली पहिल्या शोधनिबंधाला. एक मुलगी लांबून आली होती, आयुष्यातला पहिलाच निबंध घेऊन. तिला पंधराऐवजी पाच मिनिटं मिळाली. नंतर ती बाथरूममध्ये रडत होती आणि आमची ही दाराबाहेर तिची पर्स धरून उभी होती.

यंदा हिने पाहुण्यांचं भाषण चहानंतर ठेवलं, हट्टाने त्याच मुलीचा निबंध पुन्हा सगळ्यात आधी लावला आणि फोनवर शब्द दिला, "पूर्ण पंधरा मिनिटं देईन." मग अध्यक्षांना जाऊन म्हणाली, "यंदा स्वागत मी करते." साहेबांचा घसा बसला होता म्हणून बरं, नाहीतर ऐकतात कसले!

मी शिंपी. ही महिनाभर माझ्या दुकानात येऊन स्वागत वाचून दाखवायची, चहा करायला आत जायची आणि परत येऊन विचारायची, "सांगा, काय लक्षात राहिलं?" मला जे आठवत नसे, ते ती कापायची नाहीतर सोपं करायची. शेवटी मी घडाघडा सगळं सांगायला लागलो. दारं, दुरुस्तीला काढलेली खालची स्वच्छतागृहं, फोन, जेवण, सत्रं, नऊच्या नऊ प्रायोजक. ही जाम खूश. मीही कॉलर ताठ केली.

परिषदेच्या दिवशी सकाळी आठला आम्ही दोघं हॉलवर खुर्च्यांवर सभासदांना द्यायच्या पिशव्या ठेवत होतो. हॉल झाडणाऱ्या मावशी तिथेच होत्या. हिने गंमत म्हणून त्यांना सगळं वाचून दाखवलं. थोड्या वेळाने विचारलं, "मावशी, काय लक्षात राहिलं?"

"बोललात छान, बाई. जेवण एकला, एवढं कळलं," मावशी म्हणाल्या. "पण खालचा संडास आज बंद आहे, ते सांगणार का नाही लोकांना?"

ते चौथ्या वाक्यात होतं! हिने माझ्याकडे असं बघितलं की मला शिलाई उसवल्यासारखं झालं. मला आठवत होतं, कारण मी ते वीस वेळा ऐकलं होतं. माझं पाठांतर झालं होतं, आणि आम्ही दोघं शहाणे त्याला परीक्षा समजत होतो.

"अहो, पेन द्या," ही म्हणाली. तिथेच पायरीवर बसून तिने अर्ध्याहून जास्त मजकूर खोडला आणि मावशींना पुन्हा ऐकवला. या वेळी त्यांनी सगळं सांगितलं.

नऊला पाच कमी असताना साहेब आले. हातात दोन पानं, प्रायोजकांच्या बिरुदावल्यांची. "हे सगळं वाचायचं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"साहेब, मी वाचलं तर लोक पिशव्या उघडून बसतील," ही म्हणाली. "नावं मी घेते, बाकीचं पडद्यावर लावते. आणि चहा त्यांच्या स्टॉलपाशीच ठेवलाय. लोक आपणहून जातील." साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण घशापुढे इलाज नव्हता.

ही माइकपुढे गेली. "नमस्कार. मनापासून स्वागत. चार गोष्टी सांगते. बाहेर पडायची दारं ही दोन." तिने हात करून दोन्ही दाखवली. "खालची स्वच्छतागृहं बंद आहेत, वरच्या मजल्यावरची वापरा. जेवण एक वाजता, गच्चीवर. आणि एकच बदल, दुपारचं सत्र इथे नाही, वरच्या छोट्या हॉलमध्ये. फोन आत्ताच बंद करूया." ती थांबली. लोकांनी खरोखर फोन काढले. मग तिने नऊ नावं सावकाश घेतली. "यांच्यामुळे आज आपण इथे आहोत. चहाच्या वेळी त्यांच्या स्टॉलवर जाऊन तुम्हीही आभार माना. आता पहिला निबंध." तीन मिनिटंही झाली नव्हती. मला तिचा असा अभिमान वाटला की टाळ्या मीच सुरू केल्या, जरा लवकरच.

मुलगी बोलायला उभी राहिली. पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चालायला शिकवण्याबद्दल ती बोलत होती. सुरुवातीला मागे कोणी धावत असल्यासारखी भराभर, मग हळूहळू शांत. घंटा वाजायच्या आत तिचं सगळं सांगून झालं. सत्रप्रमुख म्हणाले, "वेळ शिल्लक आहे. कुणाला काही विचारायचंय?"

सात हात वर झाले. मुलगी गोंधळून बघत राहिली. प्रश्नांपर्यंत आपण पोचू, असं तिच्या मनातच आलं नव्हतं. मग तिने माइक जवळ ओढला आणि पहिल्या रांगेतल्या बाईंना म्हणाली, "विचारा ना."